पत्रमैत्रिणीला ‘असला औदुंबर’ मधला ‘असला’ कसा समजावून सांगू?

पैलतीर

माझी पत्रमैत्रीण परदेशात असते. मराठी शिकते आहे आणि शब्दकोश शेजारी ठेवून माझी पत्रं वाचते. तुझी सगळ्यांत आवडती कविता कोणती आणि ती लक्षात का राहिली, असं तिनं या वेळी विचारलंय. मी बालकवींची ‘औदुंबर’ निवडली. आठच ओळींची असल्यामुळे पूर्ण उतरवून देते आहे. पत्रातला मजकूर असा:

“या कवितेत कुणी काही बोलत नाही, काही घडत नाही. फक्त तुझी नजर चालत राहते. आधी दोन्ही काठांची हिरवाळी घेउन वाहणारा झरा, मग पलीकडच्या टेकडीपाशी चार घरांचं गाव, त्यापुढे शेतमळे, त्यांच्यातून पडलेली पांढरी पायवाट. ही पायवाट हिरव्या कुरणांमधून काळ्या डोहाकडे जाते आणि तिथे झाड बसलेलं असतं. प्रत्येक जागा पुढच्या जागेच्या हाती देते, म्हणून मधली ओळ विसरली तर वाट तुटल्याचं लगेच कळतं. मला ती पाठ राहिली ती अशी.”

अडले आहे शेवटच्या दोन ओळींपाशी:

झांकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर
पाय टाकुनी जळांत बसला असला औदुंबर.

‘काळिमा’ शोधला की तिला ‘कलंक’ सापडणार. ‘असला’ तर तिनं माझ्याच पत्रात ‘असली माणसं नकोत’ असा वाचलाय. कवीला हे झाड आवडत नाही, असं तिला वाटेल. काय लिहू?

रानवाट

‘असला’ म्हणजे इथे ‘असेल’. आपण ‘तो घरी आला असला तर’ म्हणतो ना, तसं ‘बसला असला’. झाड तिथे बसलेलं असेल बहुधा, अशी कवीची कल्पना. तिरस्काराचा प्रश्नच उरत नाही.

आणि पत्रात ‘घेउन’ लिहिलंय ते तेवढं ‘घेऊन’ करा. शिकणाऱ्या माणसाच्या हाती अशुद्ध शब्द जायला नको.

जुनी वही

रानवाट, पत्राच्या गद्यात ‘घेऊन’च हवं, तिथे तुमचं बरोबर. पण कविता उतरवताना ‘घेउन’ला हात लावू नका. ‘चार घरांचे गांव चिमुकले’ म्हणून थांबा, मग ‘पैल टेकडीकडे’ म्हणा. पहिल्या तुकड्यात 16 मात्रा, दुसऱ्यात 11. आठही ओळी याच मापाच्या. ‘हिरवाळी घेउन’ मध्ये शेवटचा ‘न’ जरा लांबवला की 11 भरतात. ‘घेऊन’ केलं की एक मात्रा वाढते आणि पुढच्या ओळीतल्या ‘बेटांतुन’शी यमकही जुळत नाही. कवी याच कारणानं एके ठिकाणी ‘तयांतुनि’ असा ऱ्हस्व ठेवतो आणि ‘टाकुनी’त दीर्घ करतो. हे मैत्रिणीला जरूर लिहा, कारण कविता लक्षात राहण्यात या मापाचा वाटा मोठा आहे. शब्द निसटला तरी जागा किती मात्रांची रिकामी आहे हे कानाला ठाऊक असतं.

‘असला’बद्दल मात्र मला पटत नाही. ‘आला असला तर’ मध्ये पुढे ‘तर’ लागतो, वाक्य पुढे जातं. इथे वाक्य संपतंय. शिवाय ‘पसरी’चा कर्ता कोण ते पाहा. पाणी झाकळून लाटांवर काळिमा पसरतो कोण? औदुंबरच. पण त्याचं नाव कवितेच्या अगदी शेवटच्या शब्दापर्यंत येत नाही. आधी त्याची सावली येते, मग त्याची बसण्याची तऱ्हा, आणि मग ‘असला औदुंबर’, म्हणजे आत्ता सांगितला तसा.

सायली_वाचते

परदेशातल्या पत्राची सुरुवात ‘प्रिय’नं करावी की ‘सप्रेम नमस्कार’नं? मलाही एका मैत्रिणीला लिहायचंय, तिच्या आईलाही नमस्कार कळवायचा आहे.

पैलतीर

सायली, मी मैत्रिणीला ‘प्रिय’ लिहिते आणि शेवटी ‘आईंना सा. न.’. पण ते रूप तिला आधी उलगडून सांगावं लागलं होतं. प्रश्न मायन्याचा नव्हता, कवितेतल्या शब्दांचा आहे.

जुनी वही, ‘तसा’ हा अर्थ मला पटतो. मग आज ‘असला’ म्हटलं की नाक मुरडल्यासारखं का वाटतं?

जुनी वही

बोलण्यात ‘असा’ साधा राहिला आणि ‘असला’ला नापसंतीची छटा चिकटली. ‘असलं काही करू नकोस’ आपण म्हणतो, कौतुक करताना मात्र ‘असा मुलगा’. तरी ‘असला भारी खेळला!’ म्हणताना तोच शब्द उलटा फिरतो, म्हणजे तिरस्कार शब्दातच भिनलेला नाही. ‘काळिमा’चंही तेच. मूळ अर्थ काळेपणा. ‘काळिमा फासणे’ इतकं वापरलं गेलं की डागच आठवतो. बालकवी 1918 साली गेले, वयाच्या 27व्या वर्षी. त्यांच्या ओळींत हे दोन्ही शब्द स्वच्छ आहेत, आणि ‘काळिमा’च्या आधी ‘गोड’ ठेवून त्यांनी वाचणाऱ्याला दिशाही दिली आहे. मैत्रिणीला सांगताना ‘गोड काळिमा’ आधी घ्या, ‘असला’ नंतर. पहिला उलगडला की दुसऱ्याची भीती जाते.

दिवेलागण

आमच्या आजीनं ही कविता शिकवली ती ‘पाय सोडुनी जळांत बसला’ अशी. अजून माझ्या तोंडी तेच येतं. ‘टाकुनी’ वाचलं की कुणीतरी ओळ बदलल्यासारखं वाटतं. माझ्या मुलीला ‘पाण्यात बसला’ पाठ झालंय, ते मात्र म्हणताना अडखळतं.

जुनी वही

‘पाण्यात’ अडखळतं कारण ‘जळांत’पेक्षा एक मात्रा जास्त आहे. ‘सोडुनी’ आणि ‘टाकुनी’ मात्र सारख्याच मापाचे, तिथे कान काही सांगत नाही. छापील कविता पाहूनच कळतं. छापलेलं ‘टाकुनी’ आहे, पैलतीर यांनी दिलंय तसं. पण अर्थात फरक पडतो. पाय सोडून माणूस निवांत बसतो. ‘पाय टाकून’ मध्ये मला काहीसा बेफिकीरपणा ऐकू येतो, उठायची घाईच नसलेला.

रानवाट

मला उलट वाटतं. ‘टाकुनी’ मध्ये थकवा आहे. चालून आलेला माणूस पाण्यात पाय टाकतो. सबंध कविता चालतेच आहे ना? आणि ‘बसला असला’ हा माझा अर्थही मी सोडत नाही. दूरून पाहणाऱ्याला झाड नीट दिसत नसेल तर ‘असेल बसलेला’ असंच वाटणार.

दिवेलागण

आजी म्हणायची, तो पाण्याशी खेळणारा मुलगा आहे.

पैलतीर

हे तिन्ही अर्थ पत्रात देते आणि तिला कोणता ऐकू येतो ते विचारते. ‘औदुंबर’ म्हणजे आपला उंबर, अंजिराच्या कुळातला, फळं थेट खोडाला लगडणारा, हेही जोडते आहे. नाहीतर तिच्या डोळ्यांपुढे भलतंच झाड येईल. ‘उंबर’ आणि ‘औदुंबर’ यांत कवीनं दुसरा का घेतला, यावर कुणाला काही सुचतंय का? मापासाठी दोन मात्रा जास्त लागत होत्या हे दिसतंच आहे, पण दत्ताच्या देवळापाशी हाच शब्द ऐकू येतो, तो भाव कवितेत मुद्दाम आणलाय का?

जुनी वही

कवितेत देव, पूजा, पार यांतलं काहीच नाही. त्यामुळे मी तो भाव आणणार नाही. पण मराठी वाचकाच्या मनात तो शब्द येताना एकटा येतो, असंही मला म्हणवत नाही.