बी विंग ग्रुप: कार्डाची लेट फी आणि काकांचं ॲडमिट होणं

सावंत काकू (204): कोणाला बँकेला पत्र लिहिता येतं का नीट? ह्यांना डेंग्यू झाला तेव्हा 9 ते 17 जुलै हॉस्पिटलमध्येच होतो, कार्डाच्या बिलाची ड्यू डेट 12 होती, कोणाच्या डोक्यात राहणार. 18 ला सगळे 23,400 भरले तरी आता 950 लेट फी, वर जीएसटी 171, आणि व्याज वेगळं 😡

नीलेश (501): काकू, तीन दिवसांच्या आत भरलं असतं तर प्रश्नच नव्हता, आरबीआयच्या नियमात थकबाकी तीन दिवसांपेक्षा जास्त झाली तरच लेट फी लावता येते. तुमचे सहा झाले, म्हणजे फी चुकीची नाही, त्यामुळे तक्रार नको, विनंती करायची. माफ करणं त्यांच्या मर्जीवर, पण आधी कधी उशीर नसेल तर बऱ्याचदा करतात.

सावंत काकू: आठ वर्षांत एकदाही नाही रे

नीलेश: मग तेच पहिलं लिहा. हे घ्या, काकांच्या ईमेलवरूनच पाठवा, कार्ड त्यांच्या नावावर आहे ना

"माझ्या कार्डाचे (शेवटचे चार अंक ….) 12 जुलैला देय असलेले बिल मी 9 ते 17 जुलै रुग्णालयात दाखल असल्याने वेळेत भरू शकलो नाही. घरी आल्यावर 18 जुलैला पूर्ण रक्कम भरली. गेल्या आठ वर्षांत एकदाही उशीर झालेला नाही. लेट फी 950, त्यावरील जीएसटी 171, आणि या बिलावरील व्याज व त्याचा जीएसटी परत करावा ही विनंती. डिस्चार्ज समरीचे पहिले पान जोडले आहे."

शेट्ये दादा (102): व्याजाचं वेगळं लिहिलंस ते बरं केलंस, माझ्या वेळी नुसतं 'लेट फी' लिहिलं तर फीच परत आली, व्याज तसंच, परत फोन करत बसलो

सावंत काकू: अख्खी फाइल नको जोडायला? रिपोर्ट, औषधांची बिलं?

नीलेश: नको, नाव आणि दाखल-डिस्चार्जच्या तारखा दिसल्या की झालं. आजाराचं बाकी सगळं त्यांना कशाला. पूर्ण कार्ड नंबर आणि सीव्हीव्ही तर अजिबात नको.

शेट्ये दादा: आणि फोन करून 'फी रिव्हर्स करतो, ओटीपी सांगा' म्हणाला कोणी तर कट करायचा. परतावा पुढच्या स्टेटमेंटला क्रेडिट म्हणून दिसतो, त्याला ओटीपी लागत नाही

सावंत काकू: नाही म्हणाले तर? लोकपाल वगैरे?

नीलेश: नुसतं नाही म्हणाले तर तिथे जाऊन उपयोग नाही, फी नियमात आहे. तीनच दिवसांत भरूनही लावली असती आणि बँकेने 30 दिवसांत ऐकलं नसतं, तर cms.rbi.org.in वर जाता आलं असतं. तुमच्या केसमध्ये एकदा परत विचारा, एवढंच.

सावंत काकू: बरं. स्कॅन कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून करू?

नीलेश: नको, त्याच्या कम्प्युटरवर राहील. सातनंतर येतो, मोबाइलवर काढू. तेव्हाच ऑटो पे पण लावून देतो, टोटल ड्यूवर, मिनिममवर नाही, नाहीतर व्याज चालूच राहतं.

सावंत काकू: ये, कांदेपोहे करते. काका पण विचारतायत तुला