आत्याबाईच्या मिशा आणि तर्कशास्त्रातलं 'जर-तर'

शेवंती
मुलगी बारावीला आहे, गणितात तर्कशास्त्राचं प्रकरण चालू आहे. काल तिने एक विधान दाखवलं: 'जर पुणे कर्नाटकात असेल, तर 7 ही सम संख्या आहे.' मी म्हटलं, खोटं. उत्तर निघालं, खरं! दोन्ही तुकडे खोटे आणि जोडले की खरे? आपण बोलताना जर-तर वापरतो त्याच्याशी याचा काही संबंध आहे का, की कुणीतरी भलताच शब्द लावून ठेवलाय?

पाटीपेन्सिल
सोपं आहे ताई. 'जर'वालं खोटं असलं की 'तर'कडे बघायचंच नाही. प्रोग्रॅममध्ये `if` खोटा निघाला की आतली ओळ चालत नाही, तसंच.

गणूमास्तर
तसंच नाही हो. प्रोग्रॅममधला `if` ही आज्ञा आहे. न चाललेली ओळ खरीही नसते आणि खोटीही नसते. इथे मात्र पूर्ण वाक्याला खरं किंवा खोटं असा शेरा द्यायचाच आहे. त्याच्या जवळ जाणारं काही हवं असेल तर ते `(not p) or q`: एकतर पहिलं खोटं, नाहीतर दुसरं खरं.

शेवंतीताई, पुणे क्षणभर बाजूला ठेवा. 'संख्या 4ने भागली जात असेल, तर ती 2नेही भागली जाते.' हे तुम्हाला मान्य आहे ना? सगळ्या संख्यांसाठी मान्य, म्हणजे एकेका संख्येसाठीही मान्य. आता 8 घाला: दोन्ही भाग खरे. 6 घाला: 4ने जात नाही, 2ने जाते, म्हणजे पहिला खोटा आणि दुसरा खरा. 7 घाला: दोन्ही खोटे. 6 किंवा 7शी वाक्य खोटं पडलं असं म्हटलंत, तर मूळ नियमच मोडला. म्हणून या तिन्ही ठिकाणी 'खरं' लिहावं लागतं. नियम मोडायला अशी संख्या लागेल जी 4ने जाते आणि 2ने जात नाही. फक्त तेवढ्या ओळीला 'खोटं'.

शेवंती
6 आणि 7चं पटलं. पण पुणे-कर्नाटकात असा नियम कुठे आहे? तिथे एकच पुणे आहे.

गणूमास्तर
बरोबर पकडलंत. नियम गेला आणि खरं-खोट्याचं कोष्टक तेवढं उरलं. कोष्टकाला दोन तुकडे खरे की खोटे एवढंच कळतं, त्यांचा एकमेकांशी संबंध काय हे कळत नाही. गणितात हा तोटा जाणवत नाही, कारण तिथे 'प्रत्येक संख्येसाठी' हे शब्द मागे उभे असतात.

ही कटकट जुनीच आहे. ग्रीसमध्ये ख्रिस्तपूर्व काळात मेगाराचा फिलो हा तत्त्वज्ञ हीच व्याख्या देत होता: पहिलं खरं आणि दुसरं खोटं असेल तेव्हाच वाक्य खोटं. त्याचा गुरू डायोडोरस म्हणायचा, एवढं पुरत नाही, तसं होणं कधीच शक्य नसलं पाहिजे. 'दिवस असेल तर मी बोलतो आहे' हे फिलोच्या हिशेबात मी दिवसा बोलत असेपर्यंत खरं. डायोडोरसच्या हिशेबात खोटंच, कारण मी भर दिवसा गप्पही बसू शकतो. कॅलिमाकस नावाच्या कवीने लिहून ठेवलंय की छपरावरचे कावळेसुद्धा कोणतं जर-तर खरं यावर काव काव करतात.

रविवारची_भाकरी
माझा अनुभव सांगते. मुलाला म्हटलं, गृहपाठ केलास तर आईस्क्रीम. त्याने केला नाही, तरी आजीने दिलंच! माझं बोलणं खोटं पडलं की नाही? माझ्या मते मराठीत जर-तर दोन्हीकडून असतं. केलास तर मिळेल, नाही केलास तर नाही.

गणूमास्तर
ऐकणारा तसं समजतो हे खरं. पण ते शब्दात असतं, तर वेगळा 'तरच' कशाला लागला असता? 'केलास तरच आईस्क्रीम' म्हटलं असतंत तर आजीने तुम्हाला खोटं पाडलं असतं. नुसत्या 'तर'मध्ये तो अर्थ प्रसंगातून येतो. सगळीकडे येतही नाही. 'भूक लागली असेल तर डब्यात लाडू आहेत.' भूक नसली म्हणून लाडू नाहीसे होतात का?

रविवारची_भाकरी
लाडवांचं ठीक आहे. पण मुलाला धमकी देताना 'तर' म्हणजे 'तरच'. मला हे पटलेलं नाही.

दिगूनाना
मास्तर, व्याकरणाकडे कुणी पाहिलंच नाही. बोलताना आपण 'जर' बहुधा गाळतो. 'पाऊस पडला तर मॅच रद्द होईल.' 'पडला' दिसायला भूतकाळ आहे, पण गोष्ट उद्याची. दुसरीकडे 'पाऊस पडला असता तर पीक आलं असतं.' हा संकेतार्थ. पाऊस पडला नाही हे यात सांगून टाकलेलंच आहे. मग कोष्टकाने पहिला भाग खोटा, म्हणून वाक्य खरं. पण त्याच न्यायाने 'पाऊस पडला असता तर पीक जळून गेलं असतं' हेही खरं! शेतकऱ्याला विचारा, तो एकाला मान डोलावेल आणि दुसऱ्याला हसेल. आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं, हेही आपण याच जातीचं मानतो आणि 'जर-तरच्या गोष्टी नकोत' म्हणून विषय बंद करतो. कोष्टक मात्र अशा प्रत्येक गोष्टीवर खरं असा शिक्का मारणार.

गणूमास्तर
नाना, 'असता'वाल्या वाक्यांना हे कोष्टक लावायचं नाही, यावर बहुतेक सगळे एकमत आहेत. डेव्हिड लुईस या तत्त्वज्ञाने 1973मध्ये त्यांच्यासाठी वेगळी मांडणी केली. आपल्या जगाशी जास्तीत जास्त मिळतंजुळतं पण पाऊस पडलेलं जग घ्यायचं आणि तिथे पीक कसं आहे ते बघायचं. भांडण उरतं ते तुमच्या पहिल्या वाक्यावर.

तिथे पॉल ग्राइस हा तत्त्वज्ञ कोष्टकाच्या बाजूने उभा राहिला. त्याचं म्हणणं असं की पुण्याचं वाक्य खरंच आहे, फक्त बोलायला विचित्र. पुणे कर्नाटकात नाही हे मला माहीत आहे, तर तेवढंच सांगावं. त्यापेक्षा कमी माहितीचं लांबलचक वाक्य बोललो की ऐकणारा समजतो, यांना दोन गोष्टींत काही संबंध दिसला असणार.

पाटीपेन्सिल
मग प्रश्न मिटला की.

दिगूनाना
कुठे मिटला? नकार देऊन बघा. तुम्ही म्हणता, 'उद्या पाऊस पडला तर मॅच रद्द होईल.' मी म्हणतो, 'साफ खोटं, स्टेडियमला छप्पर आहे.' कोष्टकात तुमचं वाक्य खोटं पडायची एकच ओळ: पाऊस पडतो आणि मॅच होते. म्हणजे मी नुसतं 'खोटं' म्हटलं आणि उद्या पाऊस पडणार असं भाकीत करून बसलो! मी तर छपराबद्दल बोलत होतो. इथे 'खरं आहे पण विचित्र वाटतं' ही सबब कशी चालणार? काहीही विचित्र न बोलता मी नको त्या गोष्टीला बांधला गेलो.

गणूमास्तर
हा घाव वर्मी आहे, मान्य. एक उत्तर असं देतात की तुमच्या 'खोटं'चा अर्थ खरं तर 'पाऊस पडला तर मॅच रद्द होणार नाही' असा असतो. नकार आतल्या तुकड्याला लागतो.

दिगूनाना
ते माझं म्हणणं कोष्टकात बसवण्यासाठी बदलणं झालं. छपराला भोक असेल, कदाचित होईलही रद्द. मी फक्त 'होईलच' हे नाकारलं.

शेवंती
मुलीला एवढंच सांगितलं की परीक्षेत 6 आणि 7 आठव. ती म्हणाली, 'पण मग याला जर-तर म्हणायचंच कशाला?' दुसरं नाव सुचतंय का कुणाला?

रविवारची_भाकरी
'एकतर-नाहीतर' म्हणा. मास्तरांनी सुरुवातीला तसंच लिहिलं होतं ना?