मदत हवी आहे: १६०० मीटरमध्ये तिसऱ्या राउंडला पाय का भरतात? एरोबिक करू की ॲनएरोबिक?

खानापूरचा_पोरगा
नमस्कार मंडळी. भरतीची तयारी चालू आहे. १६०० मीटर साडेपाच मिनिटांच्या आत बसवायचं आहे, माझं ५:४५ च्या खाली येत नाही. रोज पहाटे गावाबाहेरच्या रस्त्यावर १६०० फुल ताकदीनं मारतो आणि घरी येतो. परवा ४०० च्या ट्रॅकवर मित्रानं मोबाईलवर राउंड लावले ते असे: पहिला ७० सेकंद, दुसरा ८२, तिसरा ९६, चौथा ९७. तिसऱ्यात मांड्या दगडासारख्या होतात, श्वास पुरत नाही.
अकादमीतले सर म्हणतात तुझं एरोबिक कच्चं आहे. तालमीतले म्हणतात ॲनएरोबिक वाढव, बैठका मार. या दोन्हींनी शरीरात नेमकं वेगळं काय होतं, आणि मला कशाची गरज आहे?

तालीम_गल्ली
दम पाहिजे तर बैठकांना पर्याय नाही भावा. आमच्याकडे पोरं जोर-बैठका मारूनच तयार होतात. ॲनएरोबिक म्हणजे श्वास रोखून जोर लावायचा. त्यानं लॅक्टिक ॲसिड तयार होतं, तेच दुसऱ्या दिवशी दुखतं. दुखलं म्हणजे व्यायाम लागला. त्यावर परत पळायचं, ॲसिड निघून जातं.

निवृत्त_हवालदार
पोरा, राउंडचे आकडे लिहिलेस ते बरं केलंस, निम्मं उत्तर त्यातच आहे. साडेपाच मिनिटं म्हणजे ३३० सेकंद, चार राउंडांत वाटले तर एकाला साडेब्याऐंशी. तू पहिलाच ७० मध्ये मारतोस. साडेबारा सेकंद वाचवलेस, आणि शेवटच्या दोन राउंडांत मिळून २८ सेकंद घालवलेस.

असं का होतं ते बघ. पळायला लागल्याबरोबर स्नायूंना ताकद लगेच पाहिजे असते, पण हृदय आणि फुप्फुसं पूर्ण जोरात यायला मिनिटभर तरी घेतात. तोवरचा खड्डा स्नायू ऑक्सिजनशिवाय भरून काढतात. पहिली काही सेकंदं स्नायूत तयार साठा असतो त्यावर, मग साखर अर्धवट जाळून. हीच ती ॲनएरोबिक बाजू. ताकद झटकन मिळते, पण त्याबरोबर स्नायूत आंबटपणा वाढत जातो आणि आकुंचन पावायची त्याची क्षमता कमी होते. तू ७० चा राउंड मारून ही सगळी उधारी पहिल्या ४०० मध्येच उचलतोस. तिसऱ्या राउंडला मांड्या दगड होतात त्या यामुळे.

आता तुझ्या सरांचं. १६०० मध्ये लागणाऱ्या ताकदीचा चार-पंचमांश किंवा त्याहून थोडा जास्त भाग ऑक्सिजनवरच येतो. म्हणजे ते बरोबर आहेत. सावकाश, लांब पळण्यानं हृदय एका ठोक्याला जास्त रक्त ढकलायला लागतं, स्नायूंत बारीक रक्तवाहिन्या वाढतात, ऑक्सिजन वापरून साखर आणि चरबी जाळणारी यंत्रणा वाढते. मग त्याच वेगाला उधारी कमी लागते. जोराच्या तुकड्यांनी दुसरंच काम होतं. वेगाचे स्नायुतंतू तयार होतात आणि तो आंबटपणा सोसायची तयारी होते. शेवटच्या २०० ला ते लागतं.

तू रोज फुल ताकदीनं पळतोस त्यात या दोन्हींपैकी एकही नीट होत नाही. सावकाश पळण्याइतका वेळ मिळत नाही, आणि रोजच्या थकव्यामुळे खरा जोरही लागत नाही.

तालीम_गल्ली
मग बैठका सोडायच्या की काय? आणि ॲसिडचं काय?

निवृत्त_हवालदार
सोडू नका हो, पण पैलवानाचा दम आणि पळणाऱ्याचा दम सारखा नव्हे. बैठकांनी मांडीत जोर येतो, तो पळताना उपयोगी पडतोच. मात्र शेकड्यानं बैठका मारून त्याच दिवशी जोराचे राउंड मारले तर दोन्ही वाया.
दुसऱ्या दिवशीचं दुखणं लॅक्टिकचं नसतं. ते तासाभरात रक्तातून निघून जातं, हृदय तर ते इंधन म्हणून वापरतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुखतात त्या स्नायूंतल्या बारीक इजा. हलकं चालावं, पण दुखतंय म्हणून जोरात पळू नये. आणि श्वास रोखणं म्हणजे ॲनएरोबिक नव्हे. जोर लावताना श्वास सोडायचा.

सौ_टिळकवाडी
मध्येच विचारते, माफ करा. मी ५४ वर्षांची, शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. संध्याकाळी व्हॅक्सिन डेपोला तासभर चालते. मुलगी म्हणते आई, एरोबिक झालं, आता वजनं उचल. मला तर एरोबिक म्हणजे गाण्यावर उड्या मारायचा क्लास वाटायचा! वजनं चालतात का?

निवृत्त_हवालदार
ताई, तुमचं चालणं हेच एरोबिक. चालताना स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. वजनांनी स्नायू वाढतो, म्हणजे साखर ठेवायला जागा वाढते, त्यामुळे मुलीचं म्हणणं चुकीचं नाही. पण काही गोळ्यांनी व्यायामात साखर फार खाली जाते, म्हणून आधी डॉक्टरांना विचारा. चालायला जाताना खिशात साखर ठेवा. वजन उचलताना श्वास अडवू नका, ब्लडप्रेशर एकदम चढतं.

खानापूरचा_पोरगा
हवालदारसाहेब, मग आठवडा कसा लावू? दोन महिने आहेत हातात.

निवृत्त_हवालदार
तीन-चार दिवस पाच-सहा किलोमीटर सावकाश. सावकाश म्हणजे शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. पोरांना याचीच लाज वाटते, बायका मागून पुढे जातात म्हणून. एक दिवस ४०० चे पाच राउंड, प्रत्येक ८२ मध्ये, मधे दोन-अडीच मिनिटं चालणं. एखादा राउंड ८६ वर गेला तर त्या दिवशी तिथंच थांब. दुसऱ्या एका दिवशी १०० मीटरच्या सहा धावा, मधे तीन मिनिटं पूर्ण विश्रांती. उरलेला दिवस आराम.
सकाळी अंथरुणातच नाडी मोजून लिहून ठेव. काही आठवड्यांत ती हळूहळू खाली आली तर काम होतंय. एकदम सात-आठ ठोक्यांनी वाढली तर त्या दिवशी जोर नको.
आणि गावचा रस्ता टेपनं मोज. बाइकच्या मीटरवर भरवसा ठेवू नकोस.

येळ्ळूर_रनर
मी थोडं वेगळं सांगतो. राजहंसगडाचा चढ आठवड्यातून एकदा पळ, ट्रॅकवरच्या राउंडांपेक्षा मला त्याचा फायदा जास्त झाला. चढावर वेग कमी असतो, पायांना धक्का कमी बसतो, तरी दम पूर्ण लागतो.

निवृत्त_हवालदार
चढ चांगला, पण उतरताना पळू नका, मांड्या त्यानंच जास्त दुखतात. आणि चढावर ८२ चा अंदाज येत नाही, जो याला शिकायचा आहे. माझं मत ट्रॅककडे.

येळ्ळूर_रनर
अंदाज शेवटच्या तीन आठवड्यांत पण येतो की. आधी ताकद तर येऊ दे. यावर आपलं जमणार नाही असं दिसतंय. 😄

खानापूरचा_पोरगा
आज पहिला राउंड ८२ मध्ये मारून बघितला. सगळी पोरं पुढे गेली, लई हळू वाटलं. तिसऱ्याला मात्र मांड्या भरल्या नाहीत, ८४ आला. चौथ्यात दोघांना गाठलं. अजून एक: पळून झाल्यावर बीमवर दहा ओढायचे असतात. तेव्हा हात थरथरतात.

निवृत्त_हवालदार
संपल्यावर खाली बसू नकोस, हळूहळू चालत राहा, त्यानं रक्तातलं लॅक्टेट लवकर उतरतं. आणि बीमचा सराव एरवी ताज्या अंगानं कर, पण आठवड्यातून एकदा पळून झाल्यावर लगेच. आता किती निघतात?

खानापूरचा_पोरगा
ताज्या अंगानं नऊ. पळून झाल्यावर पाच.