मदत हवी आहे: असमतेच्या विगमन-सिद्धतेचा नमुना कसा मांडावा?

उच्च माध्यमिक विद्यार्थ्यांसाठी मी गणिती विगमनाच्या प्रत्येक प्रकाराचा एकेक सोडवलेला नमुना तयार करत आहे. श्रेणीच्या बेरजेत k पदांच्या गृहीत सूत्रात पुढचे पद मिळवले की काम भागते, विभाज्यतेचेही जमले. अडले आहे ते असमतेपाशी. n ≥ 5 साठी 2ⁿ > n² सिद्ध करताना 2ᵏ⁺¹ = 2·2ᵏ > 2k² इथवर गृहीतक पोहोचवते, पण पुढे 2k² > (k+1)² हे वेगळे दाखवावे लागते, आणि ते (k−1)² > 2, म्हणजे k ≥ 3 असतानाच खरे ठरते. n = 3 आणि n = 4 साठी मात्र मूळ विधानच खोटे आहे, हे विद्यार्थ्यांच्या नजरेतून हमखास सुटते. ही उपपायरी पायाच्या पायरीआधी स्वतंत्र मांडावी, की विगमनाच्या पायरीतच ठेवावी? शिकवणाऱ्यांनी कृपया कारणासह सांगावे.