मदत हवी आहे: मोडी कागद देवनागरीत टंकताना आकड्यांमागच्या रेघांचं काय करायचं?

पेडण्याचापोर
आमच्या घरच्या पेटीत देवस्थानच्या खर्चाचे मोडी कागद आहेत. अक्षर बऱ्यापैकी लागतं. शब्द न तोडता सलग लिहिलेत, पण मोठ्याने वाचलं की तुटतात. अडलंय ते रेघांवर. 'बा।।', 'सु।।' अशा अक्षरांमागेही उभ्या रेघा आणि आकड्यांमागेही. मी सगळीकडे सरसकट ॥ टंकत गेलो आणि आता बेरीज जुळत नाही. एक नमुना:

```
नंदादीप   ३।।।
नैवेद्य    २।।/
वाजंत्री   १।//
येकुण    ७।।///
```

वर 'सु।। सीत सबैन मया व अलफ' आहे. मला साध्या मजकुराची फाइल करायची आहे, भावंडांना शोधता येईल अशी.

कुळागरी
आकड्यांमागच्या रेघा म्हणजे आणे. एक रेघ, एक आणा. आजोबा असंच लिहायचे. अक्षरांमागच्या पूर्णविराम असतील, त्या काढून टाकल्या तरी चालेल.

हरमलकर
मोडी टंकायला Noto Sans Modi फाँट फुकट मिळतो की!

पेडण्याचापोर
हरमलकर, मोडीत नाही टंकायचंय हो, देवनागरीत आणायचंय.

रुमालसोडवा
कुळागरी, आणे हे बरोबर, पण तुमच्या हिशेबाने करून पाहा. ३-३, २-३, १-३ मिळून सहा रुपये नऊ आणे होतात आणि खालची बेरीज निघते सात रुपये पाच आणे. उभी रेघ म्हणजे पाव, म्हणजे रुपयाचे चार आणे. तिरकी बारीक रेघ म्हणजे एक आणा. आता बघा: नंदादीप ३ रुपये १२ आणे, नैवेद्य २ रुपये ९, वाजंत्री १ रुपया ६. रुपये सहा, आणे सत्तावीस. सत्तावीसातले सोळा आणे रुपयात गेले, उरले अकरा. दोन उभ्या आणि तीन तिरक्या म्हणजे अकराच. कागद चोख आहे.

म्हणून हिशेबाचा कागद नेहमी खालून वाचावा. आधी बेरीज लावायची, मग रकमा. जुळत नसेल तर बहुतेक वेळा कुठेतरी तिरकी रेघ उभी वाचलेली असते. तसं असेल तर फरक तीन आण्यांचा किंवा त्याच्या पटीत येतो, त्यावरून चूक लगेच हुडकता येते.

अक्षरांमागच्या रेघा मात्र पूर्णविराम नव्हेत, मोडीत ते नसतातच. तो संक्षेप आहे. 'बा।।' म्हणजे बाबत, 'सु।।' म्हणजे सुहूर. 'ता।।' तालुके की तर्फ ते पुढच्या गावावरून ठरवायचं. काढून टाकल्या तर 'ता' उरेल आणि वर्षभराने तुम्हालाच कळणार नाही.

टंकताना ॥ हे जोडचिन्ह वापरू नका. संगणकाला ते आणि दोन सुट्या । वेगळे, त्यामुळे शोधात एक सापडतं, दुसरं नाही. रेघ सुटीच टंका आणि प्रत्येक रकमेपुढे रुपये-आणे-पै लिहा:

```
नैवेद्य  २।।/  [२-९-०]
```

चौकटी कंस म्हणजे तुमची भर, बाकी कागदातलं. युनिकोडमध्ये पावापासूनच्या या खुणांना स्वतंत्र चिन्हं आहेत, U+A830 पासून पुढे, पण भावंडांच्या फोनवर नुसते चौकोन दिसले तर काय उपयोग?

साल: सीत सहा, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार. सुहूर ११७६.

कुळागरी
म्हणजे सहाशे मिळवून १७७६. हे तरी बरोबर ना?

रुमालसोडवा
अर्धं. हे साल मृगाला बदलतं. मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवा, १७७५. जानेवारीनंतरचा महिना असेल तर ६००. तेव्हा पेडणं सावंतवाडीकरांकडे होतं, पोर्तुगीजांकडे १७८८ ला गेलं, म्हणून रुपये आणि मोडी दोन्ही तिकडच्या दप्तराच्या वळणाचे.

तिसवाडीची_सून
आमच्याकडच्या गावकरीच्या कागदाला वरची सलग रेघच नाही, अक्षरं कानडीसारखी गोल. त्यालाही हेच लागू का?

रुमालसोडवा
ताई, ती गोंयकानडी असावी. वेगळा धागा काढा, फोटोसकट.

पेडण्याचापोर
बेरीज लागली! आणखी एक. 'येकुण' तसंच ठेवू की 'एकूण' करू?

कुळागरी
शुद्ध करा, नाहीतर शोधणार कसं?

रुमालसोडवा
माझं मत उलट. मोडीत ह्रस्व-दीर्घ वेगळे नसतातच, तेव्हा 'कु' की 'कू' हा निर्णय तसाही तुमचाच. पण 'ये' त्याने बोरूने लिहिलाय, तो खोडू नये. शोधासाठी हवं तर कंसात [एकूण] द्या.

कुळागरी
प्रत्येक शब्दाला कंस? वाचणार कोण ते!

पेडण्याचापोर
दुसऱ्या कागदात 'भात १।।/' आहे. खंडीला वीस कुडव, मग उभी रेघ पाच कुडवांची. पण तिरकी?

रुमालसोडवा
सोळावा भाग धरला तर सव्वा कुडव येतो, तो मला पटत नाही. कदाचित ते भात नसून भाताची किंमत असेल, म्हणजे रुपयेच. त्या रकान्याच्या माथ्यावर 'खंडी' आहे की काहीच नाही? तेवढ्या भागाचा फोटो टाका.