मदत हवी आहे: शिवणपेटीतल्या चार कात्र्या, कोणती कोणती?

मानेवाड्याची_रेवा: आजीची शिवणपेटी कामठीला काकूकडे आहे. ताईनं त्यातल्या दोनच मागवल्यात, झिगझॅगवाली आणि भरतकामाची. काकूनं फोटो टाकला, त्यात चार कात्र्या. भाऊ उद्या सकाळी सातला तिकडून निघणार. लवकर सांगा, कोणत्या दोन?

बर्डीवाला: फोटो कुठे आहे पण?

मानेवाड्याची_रेवा: अरे हो, आता लावला. डावीकडून १, २, ३, ४.

सुई_दोरा: सोपं आहे. वाकडी असेल ती नखांची, सरळ ती भरतकामाची. इथे ३ आणि ४ दोन्ही सरळ दिसतात, म्हणजे दोन्ही भरतकामाच्याच.

इतवारीचे_काका: थांबा जी, इथेच फसगत होते. नखांच्या कात्रीचं वळण आडवं नसतं. टेबलावर ठेवली की टोकं वर उचललेली राहतात. फोटो अगदी वरून काढला आहे, त्यामुळे ते वळण दिसणारच नाही, पातं नुसतं आखूड वाटेल. रेवाताई, फोटो मोठा करून ४ च्या टोकाखाली सावली पडली आहे का बघा. आणि कात्र्या उघड्या आहेत की मिटलेल्या?

मानेवाड्याची_रेवा: सगळ्या मिटलेल्या. ४ च्या टोकापाशी सावली आहे, टोकापासून थोडी सुटलेली. ३ ची सावली पात्याला चिकटून आहे.

इतवारीचे_काका: मग ४ चं टोक वर आहे. आता दुसरी खूण. स्क्रूपासून टोकापर्यंतचं अंतर आणि कात्रीची पूर्ण लांबी, दोन्ही पडद्यावरच पट्टीनं मोजा. खरी लांबी माहीत नसली तरी चालतं, प्रमाण पुरे. नखांच्या कात्रीत पातं साधारण चौथ्या हिश्श्याच्या आसपास, बाकी सगळा दांडा. भरतकामाच्या कात्रीत तिसऱ्या हिश्श्याहून जास्त, आणि दोन्ही पाती टोकाकडे सुईसारखी निमुळती. नख कापायला आखूड पात्यावर जोर लागतो, दोरा कापायला तो लागत नाही.

मानेवाड्याची_रेवा: ३: एकूण ६२ मिमी, पातं २५. ४: एकूण ५६, पातं १३.

सुई_दोरा: मग ३ भरतकामाची. पण वळलेल्या टोकाची भरतकामाची कात्रीही मिळते, माझ्याकडे आहे. कपड्याला टोक न लागता दोरा कापायला. त्यामुळे ४ नखांचीच, असं ठामपणे नका सांगू.

इतवारीचे_काका: हाव, तेही खरं. फोटोवरून १०० टक्के मीही नाही सांगणार.

धंतोलीची_सुगरण: संध्याकाळी नखं कापू नये म्हणतात, तर शिवणपेटीत नखांची कात्री ठेवतात तरी कशाला? आमच्या सासूबाई ठेवू द्यायच्या नाहीत.

बर्डीवाला: बाप्पा, तिला झिगझॅगवालीचं सांगा ना. १ की २?

इतवारीचे_काका: १ ही शिंप्याची कातर. एक कडी लहान, अंगठ्याची. दुसरी मोठी, तीनचार बोटांची. आणि मूठ पात्याच्या रेषेपासून वर वाकलेली. कापड टेबलावर पसरलं की खालचं पातं टेबलाला टेकून सरकतं, म्हणून मूठ वर. हे वळण वरून काढलेल्या फोटोतही दिसतं. शेजारचा इंचटेप बघता कातर साडेनऊ इंचाची दिसते, कपडे बेतायचीच.

मानेवाड्याची_रेवा: २ च्याही कड्या लहानमोठ्या आहेत! आणि दात कुठेच दिसत नाहीत.

इतवारीचे_काका: मिटल्यावर दात एकमेकांत बसतात, वरून नीट दिसत नाहीत. पातं १ पेक्षा रुंद, जाड आणि टोक बोथट आहे का?

मानेवाड्याची_रेवा: रुंद आहे. टोक बोथट वाटतं, पण फोटो तिथे धूसर आहे.

बर्डीवाला: काकूला सांगा, एकदा कागद कापून बघा. नागमोडी कड आली की झालं.

सुई_दोरा: कागद?? कापडाच्या कात्रीनं कागद कापला की धार गेलीच समजा. चिंधी कापा.

बर्डीवाला: एका कापानं काही होत नाही. मी माझ्या झिगझॅगला सँडपेपरवर धार लावतो.

इतवारीचे_काका: सँडपेपरनं दात गोल होतात, मग कापड चावलं जातं, कापलं जात नाही. तिची धार नेहमीच्या धारवाल्यालाही जमत नाही. आणि कापायची गरजच काय, उघडली की दात डोळ्याला दिसतात.

मानेवाड्याची_रेवा: काकू नऊला झोपते, फोन उचलत नाही. म्हणून तर इथे विचारलं! काऊन भांडता?

धंतोलीची_सुगरण: ताईला कशासाठी हवी? सुती कापडाचे दोरे निघू नयेत म्हणून असेल तर काठ दुमडून शिवलेलाच बरा. नागमोडी कड धुतल्यावर सुटतेच.

मानेवाड्याची_रेवा: ते ताईला विचारीन. भावाला मेसेज केला: २ उघडून दात बघ, ३ घे, १ ला हात लावू नको. तो म्हणतो, "पेटीच उचलून आणतो."

सुई_दोरा: ४ हातात आली की बाजूनं फोटो टाका. माझी शंका अजून आहे.