मदत हवी आहे: दुर्बिणीच्या अवर्णी जोडभिंगाची मागची बाजू सपाट ठेवू का?

१००० मिमी नाभीय अंतराचं, ८० मिमी व्यासाचं जोडभिंग घासायचं आहे. क्राउन बीके-७ (अ‍ॅबे अंक ६४.१७), फ्लिंट एफ-२ (३६.३७). लाल-निळा एकत्र आणायला बहिर्गोल भिंग ४३३ मिमी आणि अंतर्गोल उणे ७६४ मिमी येतं.

क्राउनच्या दोन्ही बाजू ४४८ मिमी त्रिज्येच्या धरल्या, तर फ्लिंटची मागची बाजू ८ मीटरहून जास्त त्रिज्येची, म्हणजे जवळपास सपाट येते. ती सपाटच करून पुढची ४२४ आणि चिकटवायची बाजू ४७४ केली, तर दोन्ही भिंगांची शक्ती तीच राहते, म्हणून रंग बिघडणार नाही. पण गोलीय विपथन आणि कोमा किती वाढेल? कुणी असं भिंग घासून ताऱ्यावर तपासलंय का? उरणारी जांभळी कड मला चालेल, ताऱ्याचा बिंदू पसरलेला नको.